जपून ठेवलेले तास

मुलगी बारावीला होती तेव्हाची गोष्ट. फिजिक्स तिच्या डोक्यावरून जायचं, म्हणून आम्ही नांदेडच्या घरी बसूनच ऑनलाइन शिकवणीचं पॅकेज घेतलं. चाळीस तास, मुदत सहा महिने. एका तासाचं एक सत्र, सरांसमोर ती एकटीच. महिन्याला दोन सत्रं पुढं ढकलता यायची, तीही आदल्या दिवशी कळवलं तर. नाही कळवलं, तर ते सत्र झालं असंच धरायचे.

नियम पोरीला तोंडपाठ. दर महिन्याला हक्काची दोन सत्रं ती न चुकता पुढं ढकलायची. कधी प्रॅक्टिकल, कधी मामाचं लग्न. मी विचारलं की म्हणायची, "बुडवत न्हाई गं आई, शिल्लक ठेवून राहिले. रोटेशनचा धडा लई अवघड हाय, तो शेवटी सरांकडून नीट समजून घेते." मला तिचं कौतुकच वाटायचं.

परीक्षा तोंडावर आली आणि एका संध्याकाळी ती रोटेशनचं पहिलं सत्र ठरवायला बसली. बघते तर तिचा चेहरा पांढराफटक. अ‍ॅपवर लिहिलं होतं: मुदत संपली, शिल्लक अकरा सत्रं रद्द. मी मोबाइल तिच्या हातातून ओढला, बंद केला, परत सुरू केला. तेच.

मदत क्रमांकावरची बाई इतकी गोड बोलत होती, की माझं डोकं अजूनच फिरलं. "मॅडम, मुदत पहिल्या सत्रापासून मोजतो आम्ही. सत्र पुढे ढकललं तरी मुदत पुढे जात नाही. एकदा वाढवून मिळते, पण ती संपायच्या आधी मागावी लागते. तसा मेसेज पाठवला होता."

"अवो, पण वापरलेच न्हाईत ना तिनं ते तास! मग संपले कसे?"

"वापरले नाहीत म्हणूनच गेले, मॅडम."

फोन ठेवून मी जुने मेसेज चाळले. मेसेज आला होता खरा, त्यांच्याच रोजच्या जाहिरातींच्या ढिगात.

आम्ही मूळचे लातूरचे. ही लहान होती तेव्हा नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. आलं की पिंप, कळश्या, पातेली भरायची आणि पुढच्या वेळेपर्यंत पुरवायची. भरून ठेवलेल्याला घरात कुणी उगाच हात लावत नसे. ती हेच बघत वाढली.

"आई," ती हळूच म्हणाली, "जपून ठेवलेलं बी जातं व्हय गं?"

ती उठली, पुस्तकात रोटेशनचं पान काढून एकटीच वाचत बसली. मी शेजारी जाऊन बसले. त्या पानावरचं मला ओ की ठो कळत नव्हतं.