पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवापुढे बसलो की मी नेमकं दुसरंच काहीतरी बोलतो. तुम्ही भेटलात म्हणून सांगतो. पण आधी एक ऐकून घ्या: माझं गणित कधी चुकलं नाही. आजही चुकत नाही.

आर्वीत मी हायस्कुलात गणित शिकवायचो आणि घरी पत्रिका मांडायचो. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर लावायचं, हा माझा नेम. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, मी पंचांगातून तसंच्या तसं उचलत नसे, आर्वीचे अक्षांश-रेखांश घेऊन स्वतः काढायचो. आष्टीपासून सिंदीपर्यंतची माणसं पोरीचं लग्न ठरवायच्या आधी माझ्या ओट्यावर येऊन बसत. गर्व होता? होता की. का नसावा?

मोठा गर्व मात्र एकाच गोष्टीचा — कुंदा आणि मंदा.

शेषराव बसवर ड्रायव्हर. त्यांच्या या जुळ्या पोरी. सत्त्याहत्तर साली स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा ते जन्मवेळांचा कागद घेऊन आले. बाळंतपण घरीच झालेलं, पोरींच्या मावशीनं भिंतीवरचं घड्याळ बघून वेळा टिपलेल्या. कुंदा सकाळी आठ एकोणपन्नास, मंदा नऊ वाजून एक मिनिट. बारा मिनिटांचं अंतर. दुसऱ्या कुणीही एकच पत्रिका दोनदा उतरवून दिली असती. मी नाही दिली. त्या दिवशी आर्वीत आठ पंचावन्नला कन्या लग्न संपून तूळ लागत होतं. एक पोरगी या काठावर, दुसरी त्या काठावर. लग्न बदललं की बाराही घरं सरकतात. मंगळ दोघींचाही वृषभेत, पण कन्येपासून मोजला तर नववा, निरुपद्रवी. तुळेपासून मोजला तर आठवा. म्हणजे कुंदा निर्दोष आणि मंदा कडक मंगळी.

मी हे शेषरावांच्या ओसरीवर, चार पाहुण्यांसमोर सांगितलं. कोणीतरी म्हणालं, गुरुजींसारखा माणूस जिल्ह्यात नाही. ते वाक्य मला अजून आठवतं — गोड लागलं होतं.

पुढच्याच वर्षी कुंदाचं लग्न झालं. सिंदीचं चांगलं घर मिळालं. जेवायला बसलो होतो, समोर भिंतीवर ते घड्याळ. सवयीनं मनगट पाहिलं. भिंतीवर पाऊण वाजलेला, माझ्याकडे साडेबारा. पोरींची आई वाढत होती, तिला विचारलं. ती हसली. म्हणाली, "आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढंच राह्यते, गुरुजी. ह्यांची पहाटची गाडी चुकू नये म्हणून. लग्न झाल्यापासून तसंच हाय."

लग्न झाल्यापासून. म्हणजे पोरींच्या जन्माच्याही आधीपासून.

ताटातली जिलबी तशीच राहिली. घरी येऊन कागद घेतला. आठ चौतीस आणि आठ शेहेचाळीस. दोन्ही वेळा आठ पंचावन्नच्या आत, दोन्हीला कन्या लग्न. दोघींचाही मंगळ नववा. मंदाला मंगळ नव्हताच.

आता तुम्ही म्हणाल, मग उठून तसं सांगायचं. बरोबर. पण मी कागद घडी करून पंचांगात ठेवला. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. जिल्हाभर ज्या निदानाची चर्चा, ते एका ड्रायव्हरच्या घड्याळापायी खोटं पडलं असं कुठल्या तोंडानं सांगू — खरं सांगतो, मला एवढंच वाटत होतं. मंदाचं काय होईल, हा विचार नंतर आला. बराच नंतर.

आष्टीचा एक मास्तर होता. मंदाला बघून गेला आणि तिच्यासाठीच अडून बसला. त्याचे वडील माझ्याकडे आले, हातात पत्रिका. एवढंच विचारलं, "मंगळ पक्का हाय का, गुरुजी?"

मी म्हणालो, पक्का.

एक शब्द. गणित नाही, काही नाही.

मोडलं ते. आणि आठ दिवसांनी मंदा स्वतः आली. पोरगी हुशार, माझ्याच वर्गात होती. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बारा मिनिटांत एवढं काऊन बदलते, गुरुजी? एकाच पोटच्या ना आम्ही."

मी पाटी काढली. तुम्हाला काय सांगू, तसा तास मी शाळेत कधी घेतला नाही. बारा मिनिटांत चंद्र जेमतेम सहा-सात कला, म्हणजे अंशाचा दहावा हिस्सा, सरकतो, म्हणून रास तीच, नक्षत्र तेच, दशा फार तर महिना-दोन महिन्यांनी पुढेमागे. पण लग्न म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, आणि तिचा एक अंश साधारण चार मिनिटांत उगवतो. राशीचे नऊ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नवांश, तो सव्वातेरा मिनिटांचा. जुळ्यांचे ग्रह सारखे असतात, त्यांची घरं सारखी नसतात. सगळं खरं सांगितलं. फक्त वेळ खोटी.

तिनं नीट ऐकलं. मग विचारलं, "आन वेळच चुकली असंल तं?"

मी म्हणालो, लिहिलेली आहे ना.

तिनं पाटी एकदा परत वाचली. मग पाया पडून गेली.

त्यानंतर तिनं स्थळं बघणंच बंद केलं. कुंदा तिकडे तीन लेकरांत, शेतात, सासूच्या दुखण्यात रमली. मंदा बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, शाळेत गणित शिकवू लागली. लोक म्हणायचे, बघा, जुळ्या असून किती वेगळ्या, गुरुजींनी आधीच सांगितलं होतं. मी मान डोलवायचो. त्यांना वेगळं कोणी केलं, हे मलाच तर ठाऊक होतं.

शहाण्णव साली ती आष्टीजवळच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली आणि सत्काराला मला बोलावलं. माझ्या खांद्यावर शाल घातली. म्हणाली, त्या दिवशी गुरुजींनी पाटीवर समजावलं तेव्हाच मी ठरवलं, आपण गणितच शिकवायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला — हो, तेव्हाही. तिचा अभिमान वाटला, आणि सांगायला लाज वाटते, माझाही. शाल मी घेतली.

त्या रात्री पंचांगातला कागद काढला. जे इतकी वर्षं पाहिलं नव्हतं ते पाहिलं. खऱ्या वेळेला कुंदाचं लग्न कन्येच्या पंचविसाव्या अंशाच्या आसपास, नवांश सिंह. मंदाचं अठ्ठाविसाव्याच्या जवळ, नवांशही कन्याच. राशीत आणि नवांशात एकच लग्न, त्याला वर्गोत्तम म्हणतात. बळकट. स्वतःच्या पायावर उभं राहणाऱ्याचं. बारा मिनिटांनी त्या दोघींत फरक केला होता तो हा. तेवढ्यावर माझं समाधान करून घ्यायचा मोह झाला, की शेवटी शास्त्र खरंच निघालं. पण तो मास्तर तिला आवडला होता. तिनं कुणालाच सांगितलं नाही. ओट्यावर बसली होती तेव्हा मला दिसलं होतं.

तिला मी आजवर सांगितलेलं नाही. निदान तुमच्यापुढे, या कागदावर तरी बरोबर लिहितो.

कुंदा, सकाळी आठ चौतीस. मंदा, सकाळी आठ शेहेचाळीस. कन्या लग्न, वर्गोत्तम. मंगळ नववा. मंगळ नाही.