दुपारी न लागणारं फाटक

रुग्णालयाचं फाटक सकाळी निमूट लागायचं आणि दुपारी अडायचं. दोन पाखांचं, म्हणजे दोन झडपांचं, लोखंडी फाटक. सकाळी दोन्ही पाखांमध्ये बोटाचं नख जाईल एवढी जागा राहायची आणि दुपारी दोनच्या सुमाराला पाखं एकमेकांवर चढायची. पहारेकरी लाथ घालायचा, मग दगड घालायचा, मग फाटक उघडंच सोडून सावलीत जाऊन बसायचा. वेल्डरने दोनदा येऊन पाखांच्या कडा घासल्या. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. "लोखंड संपेल, पण हे लागायचं नाही," असा निरोप त्याने धाडला.

मग देखभाल बघणाऱ्या साहेबांनी आवाराची भिंत आणि फाटकाचे खांब बांधणाऱ्या गवंड्याला बोलावलं.

या गवंड्याला लोक तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. तो कुठेही गेला की आधी दोरीला टांगलेला ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते बघतो, पाहुणा म्हणून गेला तरी. मेहुणीच्या घरी मुलगी बघण्याच्या बैठकीत त्याने दाराची चौकट पाऊण सूत बाहेर असल्याचं जाहीर केलं होतं. ते लग्न जमलं नाही आणि त्याचं खापर अजून त्याच्यावर फुटतं. एकतीस वर्षं तो याच धंद्यात आहे. काम शिकला मामाच्या हाताखाली. मामा बोलायचा कमी आणि थापीचा दांडा नडगीवर जास्त हाणायचा. त्याची पद्धत भाच्याने जशीच्या तशी उचलली, फक्त दांडा सोडला आणि त्या जागी जीभ घेतली.

साहेब फाटकाच्या खांबापाशीच उभे होते.

"मिस्त्री, खांब झुकलाय तुमचा. पाया बसला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंय की. मी वर लिहून देणार आहे, पाया कच्चा होता म्हणून. मागच्या बाजूची भिंत बांधायला दुसऱ्याला देऊ."

मागची भिंत गेली असती तर मिस्त्रीने दुसरं काम शोधलं असतं. पण 'पाया कच्चा' हे शब्द त्याच्या नावापुढे आजवर कुणी लावले नव्हते. ते एकदा कागदावर गेले असते तर साऱ्या गावात फिरले असते.

"खोदा," तो म्हणाला.

"काय?"

"खांबाच्या पायथ्याशी खोदा. नको, मीच खोदतो. तुम्ही फक्त उभे राहा. आणि फोनवर बोलू नका, बघा."

त्याने गाडीवरून पहार आणि फावडं काढलं आणि खांबाच्या एका अंगाला खड्डा घेतला. पाऊण तास लागला. वरचा दोन फूट भराव भुसभुशीत होता, त्याखाली काळी माती आणि चार फुटांवर पिवळा घट्ट मुरूम. मुरमावर काँक्रीटचा थर, त्यावर तीन फूट चौरस बैठक आणि बैठकीतून वर निघालेला खांब. कुठे तडा नाही, कुठे पोकळी नाही. त्याने पहार वर उचलली आणि मुरमात आपटली. ठण्ण करून आवाज आला.

"हा ऐकलात? बांधतानाही ऐकला होता. प्रत्येक खड्ड्यात पहार टाकल्याशिवाय मी काँक्रीट ओतू देत नाही. सोळा गाळे आहेत, दहा-दहा फुटांवर खांब. एकही खांब भरावावर उभा नाही."

"मग झुकला कसा?"

मिस्त्रीने ओळंबा लावला. सकाळचे दहा वाजले होते. खांब फाटकाकडे अर्धं सूत कलला होता. तो भिंतीच्या सावलीत बसून राहिला. साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. दोन वाजता त्याने पुन्हा ओळंबा लावला. दोन सूत. म्हणजे पाव इंच.

"साहेब, एक सांगा," त्याने शांतपणे विचारलं. तो शांत बोलायला लागला की घरचे लोक खोलीबाहेर पडतात. "बसलेला पाया सकाळी उठून सरळ होतो का? तोंड धुऊन?"

साहेब हसले नाहीत.

"खांब बसलेला नाही, कुणीतरी ढकलतंय त्याला. ऊन चढलं की ढकलतंय आणि उतरलं की सोडतंय. भिंतच ढकलते आहे."

भिंत एकशे साठ फूट लांब, पश्चिमेकडे तोंड करून उभी, दुपारपासून संध्याकाळपर्यंत उन्हात. त्यात आता तिला गडद तपकिरी रंग दिलेला. काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत तापली की लांब होते आणि निवली की आखडते. म्हणून तर त्याने चाळीस-चाळीस फुटांवर तिचे तुकडे पाडले होते. जिथे तुकडा संपतो तिथे एकाच बैठकीवर दोन खांब शेजारी-शेजारी, आणि त्यांच्यामध्ये बोटभर फट, वरपासून थेट बैठकीपर्यंत. फटीत थर्माकोलची पट्टी, तोंडाशी रबरासारखा मऊ मसाला. मधे अशा तीन जागा आणि चौथी पलीकडच्या टोकाला, जिथे भिंत पंपाच्या खोलीला भिडते. भिंत फुगली तर या चार जागांत मावावी, दुसरीकडे जाऊ नये.

तो फाटकापासून मोजत निघाला. चार गाळे झाले. तिथे जोडखांब हवा होता, पण एकच जाडजूड खांब दिसला. रंग दिलेला, गुळगुळीत, छान. त्याने थापीच्या दांड्याने मधोमध ठोकलं. कडक आवाज. पुढे आठव्या गाळ्यापाशी तोच आवाज. बाराव्यापाशीही तोच. पंपाच्या खोलीशीही तोच.

चारही फटी सिमेंटने ठासून भरल्या होत्या.

"हे कोणत्या गाढवाने केलं?" तो ओरडला. ओसरीवरचे रुग्ण माना वळवून बघायला लागले. "कोणत्या अकलेच्या कांद्याने बुजवलं हे? थंडीत भरलं असणार, फट सगळ्यात मोठी असताना! आता उन्हाळ्यात भिंतीने जायचं कुठे? त्या टोकाला खोली, हटत नाही. मग ढकला फाटकाला!"

"आरडाओरडा करू नका," साहेब म्हणाले. "भेट द्यायला आलेल्यांना वाटायचं भिंत तडकली आहे. पाली शिरत होत्या. रंगाआधी डागडुजी करून घेतली, एवढंच."

"कुणाकडून?"

उत्तर येण्याआधीच मिस्त्रीची नजर गिलाव्यावर गेली. तिरप्या उन्हात रंगाखालचे रंध्याचे फराटे दिसत होते. घोटताना लाकडी रंधा फिरतो त्याच्या अर्धगोल खुणा. सगळ्या उलट्या बाजूने वळलेल्या. डावखुऱ्या माणसाच्या.

सोळा वर्षं तो या खुणांमागे उजवा रंधा फिरवत आला होता.

"तुमच्याच भावाकडून," साहेब म्हणाले. त्यांना आता मजा वाटत असावी. "तुम्ही दुसरीकडे कामाला होतात ना तेव्हा."

मिस्त्रीने हत्यारं उचलली आणि तो घरी गेला.

धाकटा भाऊ शेजारच्याच खोलीत राहतो. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत आहे, तिला अजून गिलावा नाही. मिस्त्रीची बायको गेली नऊ वर्षं त्यावरून टोमणे मारते. भाऊ दारात बसून चपला दुरुस्त करत होता.

"रुग्णालयाच्या फटी तू भरल्यास?"

"हो. साहेब म्हणाले."

"साहेब म्हणाले विहिरीत उडी मार, तर मारशील?"

"दादा, खोलीत ये. लोक बघतायत."

"बघू देत! सोळा वर्षं माझ्या हाताखाली काम केलंस. त्या फटीत पट्टी कुणी बसवली? तूच! आपल्याच हाताने बसवलेली पट्टी उपसून त्यात सिमेंट कोंबलंस! हात कसा चालला तुझा?"

"वरवर भरलं असतं तर निघून आलं असतं, म्हणून पट्टी काढून नीट भरलं."

"नीट भरलं म्हणे! तिथे माझ्यावर पाया कच्चा म्हणून शिक्का मारायला निघालेत, आणि हा नीट भरतोय!"

मिस्त्रीची बायको दारात आली. "अहो, गळा फाडून काय होणार आहे?"

"तू मधे पडू नकोस."

भावाने चप्पल खाली ठेवली. तो सहसा उलट बोलत नाही. पण जाणत्या माणसाला वहिनीदेखत, वस्तीदेखत असं झापलं की तोही कधीतरी उठतो.

"फट कशाला असते ते मला ठाऊक नव्हतं."

"काय?"

"ठाऊक नव्हतं म्हटलं. साहेबांनी विचारलं, ही फट कशाला सोडलीय? मला सांगता आलं नाही. मिस्त्रीचा भाऊ असून सांगता आलं नाही! मला वाटलं तुझी एक खोड आहे, ओळंब्यासारखी. तू कधी सांगितलंस का? 'फट ठेव.' का रे दादा? 'ठेव म्हटलं की ठेव, डोकं चालवू नकोस.' पहार का आपटायची? 'आपट.' सोळा वर्षं मी नुसता आपटतोय!"

मिस्त्रीला मामा आठवला. मामाही असाच होता. फट का ठेवायची हे मामाने त्याला सांगितलं नव्हतं. एका गोदामाची तडकलेली भिंत बघून ते त्याचं त्याला कळलं होतं, धंद्यात आठ वर्षं झाल्यावर. तेव्हा तो मामाला मनातल्या मनात खूप शिव्या घालत होता.

राग गेला नाही. फक्त कुणावर काढायचा ते त्याला कळेना.

"सकाळी सहाला तयार राहा," तो म्हणाला. "कटर घे. बारीक छिन्नी घे."

दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी त्यांनी पहिली फट उघडायला घेतली. साहेबांना विचारलं नाही. कटरने दोन्ही कडा कापायच्या, मधलं सिमेंट छिन्नीने फोडून काढायचं, खाली बैठकीपर्यंत. चार फटींना तीन दिवस लागले. मिस्त्री सारा वेळ खेकसत होता, पण आता खेकसण्यात वाक्यं यायला लागली.

"खाली तुकडा सोडू नकोस! का सोडायचा नाही? कारण एक खडा राहिला तरी भिंत त्याच्यावरून ढकलते. कळलं? पट्टी मऊच का? दबली पाहिजे म्हणून, शहाण्या! दोन खांब का? फट पडली तरी दोन्हीकडच्या भिंतीला टोकाला धरणारं कुणीतरी हवं म्हणून!"

तिसऱ्या दिवशी शेवटची फट मोकळी झाली. चौथ्या दिवशी दोन वाजता त्याने साहेबांना फाटकापाशी आणलं. खांब ओळंब्यात होता, अर्धं सूत सोडून. तेवढं राहणार होतं. त्याच्या बुंध्याशी केसासारखी एक चीर पडली होती, ती मिस्त्रीने आधीच उकरून भरून घेतली होती. पहारेकऱ्याने फाटक ढकललं. ते लागलं.

"तुमचा तो कागद?" मिस्त्रीने विचारलं.

साहेबांनी खिशातून घडी काढली आणि फाडली. मग म्हणाले, "फटीवर एखादी पट्टी लावता येईल का? दिसायला..."

"एका बाजूने ठोकलेली पत्र्याची पट्टी लावू. दुसरी बाजू मोकळी राहील. दोन्हीकडून ठोकलीत तर मला बोलावू नका."

मागच्या भिंतीचं काम त्यालाच मिळालं. पहिल्या खड्ड्यात भाऊ उतरला आणि पहार हातात घेऊन वर बघत उभा राहिला.

"आपट की!"

"का?"

"का म्हणजे? परवाच सांगितलं."

"ते फटीचं सांगितलंस. पहारीचं नाही."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला, खड्ड्याच्या काठावर बसला आणि सांगायला लागला. खांबांमधलं अंतर दहा फूट का, ते भाऊ जेवणाआधी विचारणार होता.