अनुभव नाही, मीटर आहे

डेल्सीने तो कागद छापायला टाकला तेव्हा झेरॉक्सवाल्या सर्वेशने दोनदा वाचला आणि म्हणाला, "गो, ह्यां चुकून लिवलंस काय?"

"चुकून नाय. असांच छाप."

कागदावर होतं: *एसी धुऊन मिळेल. अनुभव: नाही. धुण्याआधी आणि धुतल्यावर मीटर तुमच्यासमोर लावणार. आकडा उतरला नाही तर पैसे नाहीत.* खाली नाव, नंबर आणि आयटीआयचा ट्रेड: फ्रीज आणि एसी मेकॅनिक, दोन वर्षे, पास.

आता कुणी म्हणेल, धंदा करायला निघालेल्या माणसाने आपलंच वैगुण्य असं चारचौघांत मांडावं का? पण मी म्हणतो, त्या पोरीने दुसरं करायचं तरी काय? दोन वर्षं ती वर्गात एकटी मुलगी. तांब्याची नळी कापली, जोडली, हात भाजून घेतले, पहिल्या वर्गात पास झाली. आणि मग जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव किती? कुडाळात तोच, सावंतवाडीत तोच. पुण्यात अप्रेंटिसशिप मिळत होती, पण महिन्याच्या विद्यावेतनात खोलीचं भाडंही निघत नव्हतं. अरे, कुणी कामाला ठेवल्याशिवाय अनुभव येणार कुठून, झाडाला लागतो काय तो?

घरी वेगळाच घोर. तिचे पपा, रोझारियो मास्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, तोंडातून वावगा शब्द न काढणारे. त्यांच्या बहिणीने, कार्मेलिना आंटीने, स्वतः कामाला असलेल्या गोव्यातल्या हॉटेलात डेल्सीसाठी जागा बघून ठेवली होती. खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या. एक मे रोजी हजर व्हायचं. काम वाईट नव्हे, कुणी तसं म्हणू नये. पण ज्या पोरीने कॉम्प्रेसर उघडून बघितलाय तिने चादरीचे कोपरे दुमडत बसायचं, हे डेल्सीच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

"पपा, तीस एप्रिलपर्यंत थांबा," ती म्हणाली. "एक जरी वर्षभराच्या बोलीचा काम मिळाला तर मी जावचंय नाय. नाय मिळाला तर मुकाट्यान जातंय."

मास्तर नुसते "बरां" म्हणाले. त्यांनी बॅग मात्र माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

ही धुण्याची कल्पना काही आकाशातून पडली नव्हती. ओरोसला नवउद्योजकांचं एक शिबिर होतं, तिथे संचिता मॅडम म्हणून एक सल्लागार बाई होत्या. डेल्सी त्यांच्यापुढे चार कल्पना घेऊन बसली. दुरुस्तीचं दुकान. कोळणींच्या मासळीच्या फ्रीझरची दुरुस्ती. देवगडला आंबा पिकवण्याची थंड खोली. जुने फ्रीज घेऊन विकणं. बाईंनी एकेक ऐकून घेतलं आणि कागदाच्या मधोमध रेघ मारली.

"एका बाजूला लिही, चुकलीस तर कुणाचं किती नुकसान. दुसऱ्या बाजूला, सुरू करायला काय लागतं."

लिहिता लिहिता डेल्सीचा चेहरा उतरला. फ्रीझर दुरुस्तीत चूक झाली तर कोळणीची सगळी मासळी कुजते, आणि मग ती बाजारात काय काय बोलेल ते वेगळंच. आंब्याच्या खोलीला लाखांनी भांडवल. जुना फ्रीज विकला आणि तो आठवड्यात बसला तर नाव कायमचं गेलं. दुकान काढलं तरी तीस वर्षं मुरलेला मेकॅनिक समोर असताना नवख्या मुलीकडे कोण येणार?

"मग मी करू तरी काय, मॅडम?"

"जे काम अनुभवी माणसं करायला कंटाळतात, पण तुला शिकवलेलं आहे, असं काय आहे?"

डेल्सी परतीच्या एसटीत बसली तेव्हा तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. मालवणात शिरल्यावर दर्यासमोरच्या एका लॉजच्या भिंतीवर बाहेरचे एसीचे डबे दिसले, आठ-दहा ओळीने, गंजून लाल झालेले. खारा वारा त्यांच्या गरमी बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्या खातो. त्या धुवायला हव्यात, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच होतं. पण धुवायला कोण बसतो? मेकॅनिकला बोलावतात ते एसी बंद पडल्यावर!

सुरुवात मात्र अशी झाली की विचारू नका. चुलतभाऊ रोनीच्या कॅफेतला एसी तिने गाडी धुण्याच्या जोरदार पंपाने धुतला. पाण्याच्या माऱ्याने पत्र्या सपाट आडव्या झाल्या. मग दोन दिवस फणी घेऊन एकेक पत्री उभी करत बसली, पैसे घेतले नाहीत ते नाहीतच, आणि तोवर बाजारभर झालं, मास्तरांच्या चेडवाने, म्हणजे लेकीने, एसी मोडला. डेल्सी त्या रात्री रडली, हे खरं. पण सकाळी उठून तिने पाठीवर घ्यायचा फवारणीचा नवा पंप आणला, बागायतदार आंब्यावर मारतात तसला. औषध त्यात कधी घातलेलं नाही, धार हलकी, हातात राहणारी. आणि त्याच दिवशी तो कागद छापायला टाकला. लोक बोलणारच आहेत ना, मग मीच आधी लिहिते, असा तिचा बाणा.

पंचवीस एप्रिलपर्यंत तिने दहा एसी धुतले. कुणी चहा दिला, कुणी शंभराची नोट. वर्षाचं काम कुणी देईना.

सव्वीस तारखेला ती कागद वाटत देवबागला सुगंधाकाकीच्या दारात गेली. सहा खोल्यांचं होमस्टे, मे महिना पूर्ण भरलेला. तिथे आरडाओरडा चालला होता. तीन नंबरच्या खोलीत एसी थंडच करेना, कोल्हापूरचे पाहुणे बाहेर ओटीवर घाम पुसत बसलेले. आणि बाहेरच्या डब्यापाशी भाई उभे. भाई म्हणजे मालवणातले सर्वांत जुने एसी मेकॅनिक, अख्खा किनारा त्यांना याच नावाने ओळखतो. त्यांनी नळीला हात लावला आणि निकाल दिला, "गॅस गेलो. भरूक व्हयो."

डेल्सीने काकीच्या हातात कागद दिला. काकीने वाचला आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"धुवन काय होतला? आमी रोज पाणी मारतंव त्या डब्यांवर. बघ, चकचकीत आसा."

"रोज धुतलेलो डबो आसा," भाई म्हणाले, "म्हणजे मळ नाय. मग गॅसच."

ऐकायला अगदी बरोबर वाटलं. डेल्सीलाही क्षणभर वाटलं, निघावं गुपचूप. मग तिची तिलाच चीड आली. मीटर पिशवीत कशाला ठेवलाय मग?

"भाई, गॅस भरूच्या आधी माका पाच मिन्टां द्या."

"कोण गो तू? मास्तरांचा चेडू? रोनीचो एसी मोडलंस ताच मां?"

"ताच. मोडलंय आणि सरळ पण केलंय."

भाई हसले आणि बाजूला झाले. साधा जुना एसी होता, सतत एकाच वेगाने चालणारा. डेल्सीने डब्याकडे जाणाऱ्या एकाच वायरभोवती, किती वीज ओढली जाते ते दाखवणाऱ्या मीटरचा चिमटा लावला. डब्यावरच्या पाटीवर सात अँपिअर लिहिलेले. मीटरने दाखवले साडेनऊ.

"काकी, हो आकडो बघा. गॅस कमी झालो तर मशीन हलक्या चलता, आकडो खाली येता. हंय वर चढलो. म्हणजे मशीन धापा टाकता, गरमी भायर जाणा नाय."

"मीटर माका शिकवतलंस?" भाईंचा आवाज चढला. "तीस वर्षां झाली माका!"

"तुमची तीस वर्षां तुमच्याकडे, भाई. माझ्याकडे एक पण नाय. म्हणान तर मी मीटर लावतंय."

बोलून गेली खरी. पण मागे हटायची ती वेळ नव्हती. तिने वीज बंद केली, डब्याची जाळी काढली, आतल्या पत्र्यांवरून बोट फिरवलं आणि चक्क जिभेला लावलं. मग विहिरीवर गेली, कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं.

"काकी, ह्याच पाणी मारतास मां तुमी?"

"मगे काय तर? रोज सकाळी."

"खारां आसा ह्यां. उन्हाळ्यात तुमची बाव खारी होता. पाणी सुकता आणि मीठ थंयच ऱ्हवता. दर्यान लावला नसता तितक्या मीठ तुमी आपल्या हातान लावलास!"

काकी वाकून डब्यात बघायला लागली. वरून चकचकीत दिसणाऱ्या डब्याच्या आत पत्र्यांच्या फटी पांढऱ्या खपल्यांनी बुजल्या होत्या. डेल्सीने नळाच्या गोड्या पाण्याने पंप भरला आणि आतून बाहेर धार धरली. पांढरं पाणी वाहायला लागलं. दुसरा पंप, तिसरा. पाचव्याला पाणी स्वच्छ आलं. आतल्या जाळ्याही धुऊन लावल्या, सगळं निथळू दिलं, वीज जोडली.

"आता वीस मिन्टां थांबा. लगेच बघूचा नाय."

ती वीस मिनिटं भारी गेली. कोल्हापूरचे पाहुणेही येऊन उभे राहिले. भाईंनी बिडी पेटवली आणि विझू दिली. मग डेल्सीने चिमटा लावला आणि स्वतः न वाचता मीटर भाईंच्या पुढे धरला. वाचू दे त्यांनाच.

भाईंनी चष्मा वर केला. "सात पॉइंट तीन," ते हळूच म्हणाले.

खोलीतून एक बाई ओरडली, "आला की गार!"

भाईंनी चष्मा खिशात ठेवला. माणूस खोटा नव्हता, सवयीचा होता. "चेडवा, माझ्याकडे ये कामाक," ते म्हणाले. "वर्षभरात तुका अनुभवाचो कागद लिवन देतंय."

बघा गंमत! पास झाल्यापासून ज्या कागदावाचून ती दारोदार अडली, तो आज आपणहून चालत आला. डेल्सीला मोह झाला नाही असं नाही. तिने एकदा भाईंकडे बघितलं, एकदा मीटरकडे.

"नको, भाई. धुण्याचा काम माझा. खंय खरोच गॅस गेललो मिळालो तर मी तुमकाच बोलवतलंय. आणि तेव्हा जवळ उभी ऱ्हवान बघतलंय. चलात?"

"चलात," भाई म्हणाले. त्यांना हसू आवरलं नाही.

सुगंधाकाकीने तिथेच वहीच्या पानावर लिहून दिलं: सहा खोल्या, वर्षातून तीन वेळा, गोड्या पाण्याने. खाली सही. तो कागद घेऊन डेल्सी घरी पोचली तेव्हा रोझारियो मास्तर फोनवर होते. गाडी कुठली, कुणाबरोबर, स्टेशनवर घ्यायला कोण येणार, सगळं कार्मेलिना आंटी तिकडून सांगत होती. डेल्सीने कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. मास्तरांनी तो शिक्षकाच्या सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला, सहीवर बोट ठेवलं आणि फोन लेकीच्या हातात दिला.

"आंटी," डेल्सी म्हणाली, "मी चादरी घालूक येवचंय नाय. पण माका सांग, तुमच्या हॉटेलात एसी किती आसत?"