चौदा चित्रांतली जिनिंग

जळगावच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही गेम करायचं ठरवलं, तेव्हा आमचे गाइड सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, प्रोजेक्ट म्हणजे पेरोल असतो, लायब्ररी असते, दवाखाना असतो. गेम म्हणजे खेळ."

मी लगेच मान खाली घातली. मी जवळच्याच असोद्याची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि 'का' विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. माझी पार्टनर मात्र धुळ्याची होती. ती म्हणाली, "सर, पेरोल चुकला तर फक्त आकडा चुकतो. गेम चुकला तर लगेच दिसतं." सर हसले नाहीत, पण त्यांनी सही केली.

या कल्पनेला कारण एक सीडी होती. धुळ्यात तिच्या मामाचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक भीतीचा गेम खेळलो. जुनी हवेली आणि तिच्यात अडकलेला माणूस. प्रत्येक खोली एखाद्या कोपऱ्यातून दिसायची, जणू छताला कोणी कॅमेरा ठोकून ठेवला आहे. माणूस दोन पावलं चालला की चित्र बदलायचं, आणि खोली भलतीकडूनच दिसायची. वरचं बटण दाबलं की तो स्वतःच्या नाकासमोर जायचा. डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी वळायचा, रणगाड्यासारखा. पुढून कोणी अंगावर येत असलं तरी आधी हळूहळू वळायचं आणि मग पळायचं.

मामा वैतागून म्हणाला, "ज्यांनी केला त्यांना माणूस चालवता येत नव्हता वाटतं!"

आम्हालाही तेच वाटलं. आपण गेम करू, त्यात जिकडचं बटण दाबू तिकडे माणूस जाईल आणि कॅमेरा त्याच्या मागे मागे फिरेल, असं आम्ही ठरवून टाकलं. वीस-एकवीस वर्षांच्या पोरींना सगळं सोपं वाटतं.

गेमची जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. पार्टनरचे वडील धुळ्याबाहेर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. ती त्यांना आबा म्हणायची, मी काका. हंगाम नसताना फॅक्टरी बंद होती, तेव्हा त्यांनी आम्हाला आत नेलं. टेप लावून आम्ही गोडाऊन मोजलं, खांब मोजले, गाठी दाबायचा प्रेस मोजला. कोपऱ्यात रुईच्या काही गाठी माणसापेक्षा उंच रचलेल्या होत्या. दोन रांगांमधल्या बोळातून आम्ही चाललो होतो, तेवढ्यात पलीकडून चपलांचा आवाज आला. कोण आहे ते दिसेना. आवाज जवळ येत गेला आणि आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून थिजलो. वळणावरून काकाच आले.

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आबा," पार्टनर म्हणाली. "तुम्ही दिसला नव्हता, नुसता आवाज येत होता."

गेममधली बाई याच जिनिंगमध्ये अडकलेली आणि तिला दार शोधून बाहेर पडायचं, एवढीच गोष्ट आम्ही ठरवली.

पहिल्या महिन्यात आमचा कॅमेरा तिच्या मागे मागे फिरला खरा, पण कसा? कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्यात चांगल्या मशीनवर चार भिंती, सहा खांब आणि दहा गाठी एवढंच ठेवलं, तरी चित्र सेकंदाला दोनदा हलायचं. भिंतीला विटा दिल्या की एकदा. कॅमेरा जरा हलला तरी प्रत्येक खांब, प्रत्येक गाठ, प्रत्येक सावली त्या मशीनला नव्याने काढावी लागायची. आम्ही गाठी कमी केल्या, खांब काढले, सावल्या काढल्या. शेवटी पडद्यावर उरली एक करडी पेटी. सर येऊन ती पेटी बघून गेले.

त्या आठवड्यात मी बसने असोद्याला जाता-येता एकच विचार करत होते. त्या सीडीवरच्या हवेलीत गालिच्याची नक्षी दिसत होती, झुंबर चमकत होतं. मशीन तर तसंच होतं. मग त्यांना कसं जमलं?

रविवारी आम्ही दोघी धुळ्याला गेलो, तेव्हा मी मामाच्या क्लासमध्ये तो गेम पुन्हा लावला आणि खेळायच्या ऐवजी नुसती बघत बसले. चित्र बदलेपर्यंत खोलीतलं काहीही हलत नव्हतं. पडदा नाही, सावली नाही. हलत होता तो फक्त माणूस.

मी पार्टनरला म्हटलं, "अगं, ती खोली नाहीच. तो फोटो आहे! खोली त्यांनी आधीच कुठल्या तरी मोठ्या मशीनवर सावकाश काढून ठेवली आहे. आपल्या मशीनला काढावा लागतो तो फक्त माणूस."

ती दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणून कॅमेरा हलत नाही. फोटोत मागे काय आहे ते कुठून दिसणार?"

आम्ही सगळं पाडून पुन्हा मांडलं. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर चित्र काढणारा एक फुकट प्रोग्राम होता. त्याला गोडाऊनची मापं दिली, दिवे कुठे, कॅमेरा कुठे ते सांगितलं. एक चित्र व्हायला पाऊण तास लागायचा आणि मध्येच वीज गेली की पहिल्यापासून. लॅब रोज तासभरच मिळायची, त्यामुळे चौदा चित्रं पूर्ण व्हायला तीन आठवडे गेले. पण तयार चित्र आमच्या मशीनवर डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडायचं, विटांसकट आणि सावल्यांसकट. त्याच्यावर आमची बाई, जेमतेम दोनशे त्रिकोण जोडून केलेली, ऐटीत चालायची. ती गाठीच्या मागे गेली की गाठीच्या अंगावरून चालताना दिसायची, म्हणून पुढच्या गाठी चित्रातून कापून वेगळ्या ठेवल्या आणि तिच्यावर पुन्हा चिकटवल्या. भिंती तर नुसत्या चित्रातल्या, तेव्हा तिला अडवायला न दिसणाऱ्या साध्या रेषा आखल्या.

आता कंट्रोल उरले. वर दाबलं की बाई पडद्यावर वर जाईल, असं मी लिहिलं. पहिल्या चित्रात कॅमेरा कुलूप लावलेल्या दारापाशी होता. वर दाबलं, बाई आत निघाली. गोडाऊनच्या मध्यावर दुसरं चित्र आलं, समोरच्या भिंतीवरून दाराकडे बघणारं. बोट वरच्या बटणावरच होतं, पण या चित्रात 'वर' म्हणजे दाराची दिशा. बाई गर्रकन वळली आणि परत निघाली. मध्य ओलांडताच पहिलं चित्र. पुन्हा वळली. पुन्हा दुसरं चित्र. बाई मध्यावरच पिंगा घालायला लागली.

पार्टनर पोट धरून हसली. मला रडू येत होतं.

तिने तोडगा काढला. बोट उचलेपर्यंत बाईने जुनीच दिशा धरायची. बरं चाललं, पण घाबरलेला माणूस बोट उचलतोच, आणि पुन्हा दाबलं की बाई उलटी. हव्या त्या कोनात झुकवायची ॲनालॉग काठी तर आमच्याकडे नव्हतीच. टीव्हीला जोडायच्या गेमच्या कंट्रोलरवरही सुरुवातीला फक्त चार दिशांची बटणं असायची.

शेवटी मी चौथ्या दिवशी मनाविरुद्ध तेच लिहिलं, ज्याला मामाने नावं ठेवली होती. वर म्हणजे पडद्याचं वर नाही, बाईचं पुढे. डावं-उजवं म्हणजे तिचं डावं-उजवं. चित्र कुठूनही बदलो, तिचं नाक बदलत नाही.

काका मुलीला भेटायला जळगावला आले, तेव्हा आम्ही त्यांना लॅबमध्ये बसवलं. त्यांनी आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता. आधी जुना प्रकार दिला. मध्यावर बाई वळली आणि त्यांनी हात मागे घेतला. "ही तर येडी शे," ते म्हणाले. मग नवा प्रकार दिला. बाई त्यांच्याकडे तोंड करून उभी असली की डावं-उजवं चुकायचं. पाच-सात वेळा ती गाठीवर आपटली. मग काका खुर्चीतच वळून बसले, बाई जिकडे बघत होती तिकडे, आणि मान तिरपी करून पडद्याकडे बघत बटणं दाबायला लागले. बाई गोडाऊनमधून सरळ बोळाच्या तोंडापर्यंत गेली.

"बठ्ठं समजनं," ते म्हणाले. "तिना आंगमा जावानं."

सगळं कळलं, तिच्या अंगात शिरायचं.

बोळातलं एक चित्र आम्ही मुद्दाम गाठीच्या आडून काढलं होतं, म्हणजे वळणापलीकडचं काही दिसू नये. तिथे नुसता चपलांचा आवाज घातला. काका तिथे थांबले आणि पुढे जाईनात. आवाज त्यांच्याच चपलांचा होता. आम्ही टेपरेकॉर्डरवर घेतलेला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी बाई चालवली, दोनदा भिंतीवर आपटवली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कंट्रोल फारच अवघड आहेत. जिकडे दाबतो तिकडे का जात नाही ही?"

पार्टनरने माझ्याकडे बघितलं. तो भाग माझा होता.

"सर," मी म्हटलं, "तसंही करून ठेवलं आहे. दाखवू?"

मी एक बटण दाबून जुना प्रकार लावला. ते वर दाबत निघाले. मध्यावर बाई वळली, परत फिरली, पुन्हा वळली. त्यांनी बटण सोडलं.

"चित्र बदललं की वरचं खाली होतं," मी सांगितलं. "म्हणून दिशा पडद्याची न ठेवता बाईची ठेवली. ती कधीच उलटत नाही."

"मग चित्र बदलताच कशाला? कॅमेरा तिच्या मागे मागे फिरवायचा."

"फिरवला होता, सर. सेकंदाला दोनच चित्रं येत होती आणि त्यात गाठीसुद्धा मावत नव्हत्या. इथे एकेक चित्र पाऊण तास खपून आधीच काढलंय. म्हणून एवढं दिसतं." मी थांबले, आणि मग मलाच न विचारता पुढचं तोंडातून निघालं. "आणि सर, कॅमेरा आमच्या हातात असला की काय दिसू द्यायचं नाही तेही आम्हीच ठरवतो. तुम्ही पुढे बोळात जाऊन बघा."

ते बोळात गेले. चपला वाजल्या. त्यांचा हात बटणावरून उचलला गेला आणि ते मागे टेकले. आमचे गाइड सर त्यांच्या पाठीमागे उभे होते. मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना बघितलं.

परीक्षकांनी आणखी वीस मिनिटं प्रश्न विचारले. न दिसणाऱ्या रेषा, कापलेल्या गाठी, त्रिकोण किती, सगळे 'का'चे. मी उत्तरं देत गेले, आणि जीभ कुठे अडकली नाही हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

निकाल चांगला लागला. त्या उन्हाळ्यात मामाने आम्हाला त्याच्या क्लासमध्ये सी लँग्वेज शिकवायला बोलावलं. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, हे असंच का लिहायचं?"

मी खडू ठेवला, खुर्ची तिच्या बाकाजवळ ओढली आणि म्हटलं, "आधी दुसऱ्या पद्धतीने लिहून बघू. चल."