पिवळ्या दोऱ्याची भजनं

वर्ध्यात माझा छोटा छापखाना आहे आणि संशयी गिऱ्हाईक मला मनापासून आवडतं. गोड बोलणारं गिऱ्हाईक काम झाल्यावर तक्रार करतं, संशयी माणूस आधीच भांडून मोकळा होतो. नालवाडीच्या महिला भजन मंडळाच्या अध्यक्षीण बाई मात्र या जातीतल्या महाराणीच होत्या. रिटायर झालेल्या नर्स. माझ्याकडेही त्या मी ताप लपवून बसलोय अशाच बघायच्या.

पिशवीतून त्यांनी एक भजनांचं पुस्तक काढलं. काढलं म्हणजे पानंच बाहेर आली, पुस्तक पिशवीतच राहिलं.

"भाऊ, हे दुसरीकडून छापून आणलं. स्पर्धेत ऐन भजनात पान उडालं. अर्ध्या बाया एक कडवं गायल्या, अर्ध्या दुसरं. लोकं हासून राह्यले होते."

मी पुस्तकाची पाठ पाहिली. परफेक्ट बायंडिंग. यात पानांची पाठ कापतात आणि गरम गोंद लावून कव्हर चिकटवतात. प्रत्येक पान गोंदाच्या भरवशावर. जाड पुस्तकाला स्वस्तात ताठ पाठ मिळते, खुर्चीत बसून हातात धरून वाचलं तर बरंच टिकतं.

"तुम्ही ते वाचता कसं, काकू?"

"दोन्ही हातांत टाळ. मंग पुस्तक खाली ठेवतो न् गुडघ्यानं दाबतो."

गुडघ्यानं! गोंदाच्या पाठीला याहून मोठा शत्रू नाही. पुस्तक सपाट होत नाही, बाई दाबतात, पाठ तडकते, पानं सुटतात. मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी त्या दुसऱ्या छापखान्याची बाजू घेतोय.

"मंग मधात पिना मारा. माह्या हरिपाठाले दोन पिना हायेत, इतक्या वर्षांत पान हाललं नाई. अन् सस्तंबी पडते."

"तो हरिपाठ बत्तीस पानांचा आहे. हे दोनशे चाळीस."

त्यांचा विश्वास बसेना. मी कोरे कागद घेतले, तेवढ्या पानांचे, एकात एक घालून घडी केली. पाठ फुगली, पुस्तक मिटेना, आतली पानं जिभेसारखी बाहेर आली. मी कटिंगची सुरी उचलून नाटकीपणे म्हणालो, "आता ही जीभ कापायची. मधल्या भजनांचे शेवटचे शब्द जातील, चालेल?"

त्या हसल्या नाहीत. मी मग महागडा मार्ग सांगितला. सोळा-सोळा पानांचे फर्मे, म्हणजे छोट्या जुड्या, घडी करायचे, प्रत्येक फर्मा मध्यातून दोऱ्यानं शिवायचा, सगळे एकमेकांना बांधायचे. हातानं शिवायचं, म्हणून खर्च जास्त. पण पुस्तक जमिनीवर आपणहून उघडं राहतं.

"म्हंजे पैसे शिलाईचे घ्यान न् चिकटवान गोंदानं. वरून कव्हर. आत काय हाय, मले काय दिसते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीळ आणून टेबलावर ठेवलं. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, पिवळाजर्द.

"यानंच शिवजा. मंग मी पायते."

मी मनात टाळ्या वाजवल्या. माझी पुस्तकं बांधून देणाऱ्या बाइंडरनं दोरा ओढून पाहिला, पक्का आहे म्हणाला. पण बाईंचा संशय सर्दीसारखा मलाही लागला. बाइंडर माझ्या माघारी गोंदाची बादली तर काढणार नाही? चहाच्या निमित्तानं मी त्याच्याकडे चकरा मारू लागलो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुमीच शिवा, मी चहा पितो." मी जायचं बंद केलं, म्हणून शेवटची पुस्तकं मी पाहिलीच नाहीत.

मंडळासमोर गठ्ठा उघडला. बाईंनी आपलं आवडतं भजन काढलं, पान वीस. दोरा नाही. पान चाळीसला पिवळं दिसलं, पण सत्तेचाळीसला पुन्हा नाही.

"पाहा, बायांनो. कुठीकुठीच लावला दोरा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी मुद्दाम पाण्याचा घोट घेतला. "काकू, दोरा फर्म्याच्या मध्यातच दिसतो. आठवं पान उघडा. मग चोविसावं."

आठव्यावर पिवळी ओळ. चोविसाव्यावरही. त्यांनी पुस्तक सतरंजीवर उघडं ठेवलं, गुडघा दूर नेला. पुस्तक तसंच पडून राहिलं. मग त्या बाकीची पुस्तकं एकेक करून आठव्या पानावर उघडू लागल्या. आता एखाद्यात गोंद निघाला तर, या विचारानं मीही त्यांच्या खांद्यावरून डोकावू लागलो.

तळाशी एक निघालं पांढऱ्या दोऱ्याचं.

"हे काय हाय?"

"रीळ संपलं असेल," मी म्हणालो. खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. फर्मे मात्र शिवलेले होते, एवढं डोळ्यांना दिसत होतं.

त्यांनी ते पुस्तक स्वतःच्या पिशवीत टाकलं. "हे मी वापरीन. रोज. गुडघ्यानं."

आता बाजारात कधी भेटल्या की मी विचारतो, "काकू, पान सुटलं का?"

"नाई सुटलं अजून," त्या म्हणतात, आणि माझ्याकडे असं बघतात, जणू ते पान मीच कुठेतरी धरून ठेवलंय.