नगराध्यक्षांची भजी आणि माझा मुद्दा क्रमांक नऊ

पाण्यासाठी अन्नत्याग जाहीर करायला बोलावलेल्या पत्रकार परिषदेत भजी होती. यात आम्हा पत्रकारांना काहीच वावगं वाटलं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या त्या नगरपालिकेत प्रश्नोत्तरं सुरू झाली की प्लेटा फिरायच्याच. तोंडं भरली की प्रश्न कमी होतात.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी चार कॉलमांत आली: "वॉलमनच दोषी", नगराध्यक्षांचा आरोप. वॉलमन म्हणजे वॉर्डावॉर्डात पाणी सोडणारा माणूस. तिसऱ्या दिवशी तोच माझ्या टेबलासमोर उभा राहिला. हातात कारणे दाखवा नोटीस आणि तिला जोडलेलं माझंच कात्रण. कंत्राटी माणूस, एका कागदाने घरी बसला असता.

"भाऊ, नगराध्यक्ष खरंच आसं बोलनात का? वरतून टाकीतच पानी नही, मी काय सोडू?"

"बोलले. रेकॉर्डिंग आहे," मी छाती पुढे काढून म्हणालो.

त्या रेकॉर्डिंगची मागणी नोटीस काढणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांनीही केली. संपादक म्हणाले, "नुसतं रेकॉर्डिंग ऐकणार कोण? मुद्देसूद गोषवारा कर. तटस्थ. बोललेले शब्द असतील तेवढेच अवतरणात, तुझं एक विशेषणही नको. प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचं, मिनिट-सेकंदासह."

मी हेडफोन लावले. पहिली अकरा मिनिटं सत्कार. तटस्थपणे लिहायचं म्हटल्यावर मुद्दे असे पडू लागले:

• ११:२० : नगराध्यक्ष : "गावाला पाणी मिळेपर्यंत मी अन्नाचा कण घेणार नाही." (टाळ्या)

• १४:०५ : पाणीटंचाईची कारणे वरिष्ठांना कळवली असल्याचे नगराध्यक्षांनी सांगितले. कारणे सांगितली नाहीत.

• १६:४० ते १७:१० : कूलरच्या आवाजामुळे अस्पष्ट.

मग माझा स्वतःचा आवाज आला आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा ऐकलं. चार वेळा ऐकलं. शेवटी जसं होतं तसं लिहिलं:

• मुद्दा ९. १८:३२ : पत्रकाराचा प्रश्न : "म्हणजे वॉलमनच दोषी ना?" त्याच वेळी भजी वाढणारा : "आखो दिऊ का?" १८:३५ : नगराध्यक्ष, वाढणाऱ्यास : "हां, दे. मिरची बी टाक." पत्रकाराच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही.

"वॉलमनच दोषी" हे शब्द माझे होते. ते मी त्यांच्या तोंडी अवतरणासकट घातले होते, आणि त्यांच्या तोंडात तेव्हा भजी होती.

गोषवारा गेल्यावर तासाभरात नगराध्यक्षांचा फोन. "अहो, नऊ नंबर काढा ना. माझा अन्नत्याग चालू आहे!"

"मग हां कशाला म्हणालात?"

"तुमच्या वॉलमनवाल्या प्रश्नाला म्हणालो असं धरा."

माझं डोकंच फिरलं. एका प्लेट भज्यांसाठी हा गृहस्थ दुसऱ्याची नोकरी घ्यायला निघाला होता. "मग मिरची वॉलमनवर टाकायची होती का?" एवढं विचारून मी फोन ठेवला. अर्थात मी तरी कोणत्या तोंडाने चिडत होतो?

मुख्याधिकाऱ्यांनी रेकॉर्डिंग गोषवाऱ्याशी ताडून पाहिलं, म्हणे हसू आवरेना म्हणून दार लावून घेतलं, आणि नोटीस मागे घेतली. आमच्या पेपरात खुलासा आला: आतल्या पानावर, दोन ओळी, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीखाली. मोठा छापा म्हणून मी संपादकांकडे हट्ट धरला नाही. लाज वाटत होती.

वॉलमनने ते दोन ओळींचं कात्रण घेतलंच नाही. गोषवाऱ्याची झेरॉक्स मागितली आणि ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चिकटवली. मी गेलो तेव्हा हंडे घेऊन आलेली माणसं नववा मुद्दा मोठ्याने वाचत होती, पोट धरून हसत होती. "मिरची बी टाक!" एक आबा तर पुन्हा वाचायला मागे फिरले. वॉलमन शेजारीच उभा होता. प्रत्येक जण वाचून झाला की तो त्याच्या तोंडाकडे बघायचा. माणूस हसत हसत हंडा उचलून निघून जायचा.

"बठ्ठा वाची गयात भाऊ," तो मला म्हणाला, "पन मन्हा दोष नव्हता, आसं कोनी बोलनं नही."

ते मीही तोवर त्याला म्हणालो नव्हतो.

"तुमचा दोष नव्हता," मी म्हणालो. "माझा होता."

"जराखं जोरमा बोला," तो रांगेकडे बघत म्हणाला.