मावशींचं शेवटी ठेवा

कार्यक्रम शुक्रवारी ठेवायचा हे आखातातून ठरलं. तिकडे शुक्रवारी सुट्टी. आणि साडेबाराला संपवायचा हे महाडातून ठरलं, कारण जुम्याच्या नमाजाला निम्मा हॉल उठून जाणार. दहापासूनच्या अडीच तासांत काय बसवायचं ते बसवा, असं सांगून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे प्रमुख आमच्या स्टुडिओतून चहा पिऊन गेले. त्यांचे महाडात ट्रक होते. माणूस अतिशय सज्जन, पण नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमायचंच नाही. ही सगळी रामकहाणी त्या एका गुणामुळे घडली.

माझ्या नवऱ्याचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा. मी लग्नाआधी मुंबईत एका कार्यक्रम करणाऱ्या कंपनीत होते, तिथे रनडाउन लिहायला शिकले. रनडाउन म्हणजे कार्यक्रमपत्रिका नव्हे. कार्यक्रमपत्रिकेत ‘दीपप्रज्वलन’ एवढंच असतं. रनडाउनमध्ये दिवा कोण लावणार, कुठल्या कॅमेऱ्यावर दिसणार, किती वेळ चालणार आणि काडी पेटलीच नाही तर काय दाखवायचं, हे सगळं लिहायचं. शेवटचा रकाना माझा सगळ्यात लाडका. त्याला मी मथळाच दिला होता, ‘नाही झालं तर’. सासूबाई म्हणायच्या, हिला वाईटच आधी सुचतं. खरं होतं. त्याचेच पैसे मिळायचे.

तेव्हा इंटरनेटवरून थेट दाखवणं म्हणजे आमच्याकडे अपूर्वाई होती. शाळेच्या टेलिफोनवर ब्रॉडबँड, तेही इथून बाहेर काही पाठवताना मुंगीच्या पावलाने जाणारं. आमच्या लॅपटॉपवरून चित्र मुंबईतल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर जायचं, तिथून दुबई, कुवेत, दोहा. वेळ साडेबारापर्यंतचीच घेतलेली, पुढे त्यांचं दुसरं गिऱ्हाईक. लाइन तुटली तर दाखवायची शाळेच्या इमारतीची फीत मी मुंबईलाच देऊन ठेवली होती. प्रमुखांना ते पटेना. म्हणाले, “वहिनी, फीत इथं आपल्याकडे नको?” मी म्हटलं, “इथली लाइनच गेली तर इथली फीत जाणार कशी?” ते हसले आणि कपाळावर हात मारून घेतला.

निरोपांच्या सीड्या आखातातून येत राहिल्या. कुणी सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेतून पाठवली, कुणी कुरिअरने. सगळ्या एका साच्यात आणून, क्रमाने दुसऱ्या लॅपटॉपवर लावल्या. प्रत्येकीची लांबी आणि शेवटचे शब्द लिहून ठेवले, म्हणजे ते शब्द कानावर पडले की पुढच्या कॅमेऱ्याला तयार राहायला सांगता येतं. यातला सर्वात शेवटचा निरोप मावशींच्या मुलाचा होता.

मावशी म्हणजे शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाई. पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूला त्यांची वाडी. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने त्यांच्या हातची भाकरी खाल्लेली, मग तो आता कुवेतमध्ये असो की बिरवाडीत. त्यांचा मुलगाही तिथेच शिकला. तो कुवेतमध्ये क्रेन चालवायचा. पासपोर्ट कंत्राटदाराच्या कपाटात, आणि सुट्टी मागितली की पुढच्या वर्षी. वर्षांमागून वर्षं गेली, आईचं तोंड पाहिलं नव्हतं. ठरलं असं की आधी पडद्यावर त्याचा निरोप लावायचा, मग मावशींना मंचावर आणायचं आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून एक मिनिट बोलायचं. तो पाळी बदलून मित्राच्या खोलीत संगणकासमोर बसणार होता.

“मावशींचं शेवटी ठेवा,” प्रमुख म्हणाले. “पोरं तोवर बंद नाय करणार.”

मी उशिरासाठी पंधरा मिनिटं मोकळी सोडून त्यांचं शेवटी ठेवलं.

त्या सकाळी मावशी आमच्याही आधी शाळेच्या हॉलवर हजर. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. इस्त्रीचं लुगडं, हातात रुमाल. आम्ही वायरी टाकत होतो तर मागे येऊन उभ्या राहिल्या.

“किती बोलायचं गो?”

“एक मिनिट, मावशी.”

“म्हंजे किती?”

“तुम्हाला सांगायचंय तेवढं सांगा. मी थांबवणार नाही.”

“मी पाठ केलंय,” असं म्हणून त्या दुसऱ्या रांगेच्या टोकाला जाऊन बसल्या. काय पाठ केलंय ते मी विचारलं नाही. मला मोडेमची काळजी होती.

सुरुवात बरी झाली. प्रमुख पाहुणे उशिरा आले. तेवढा वेळ मुंबईने शाळेची फीत दाखवली. मध्येच वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर तगले, मोडेम मात्र बंद पडला. फोनवर मुंबईचा माणूस शांतपणे म्हणाला, “तुमची इमारत दाखवतोय.” लाइन परत आली, आम्ही पुन्हा थेट. कॅमेरा एकवरून नवरा हेडफोनमध्ये म्हणाला, “शाब्बास.” तो सहसा बोलत नाही, म्हणून मी जरा फुशारले.

घात केला तो शालींनी.

शाळेच्या नव्या खोल्यांना देणगी देणाऱ्या एका दुबईकराच्या वडिलांचा सत्कार यादीत होता. शाल, श्रीफळ, फोटो. तो संपतो न संपतो तोच मंचावर प्रमुखांचा मोबाइल वाजला. दोहाहून एक जण बोलत होता. त्यानेही देणगी दिली होती, त्याचेही वडील हॉलमध्ये बसले होते, आणि तो ते बसलेले बघत होता. प्रमुखांनी निवेदकाला चिठ्ठी दिली. दुसरी शाल. मग कुवेतचा फोन. तिसरी शाल. आधीच्या काळी असला रुसवा पत्राने महिनाभराने कळायचा, तोवर निवलेला असायचा. आता अर्ध्या मिनिटात चित्र तिकडे आणि पुढच्या मिनिटाला फोन इकडे. शाली संपल्या तेव्हा वाटलं, सुटलो. तर एक जण बाजारात जाऊन आणखी गठ्ठा घेऊन आला. हळूहळू अशी वेळ आली की ज्यांनी देणगी दिली नव्हती त्यांचेही वडील उठून पुढे येऊ लागले.

माझ्या शेवटच्या रकान्यात पाऊस होता, वीज होती, खराब सीडी होती, पाहुण्यांचा घसा बसला तर काय तेही होतं. मुलांच्या डोळ्यांदेखत बाप खुर्चीतच राहिला तर काय, याची ओळ नव्हती. ती मुंबईत कुणी शिकवली नव्हती.

मी एकेक निरोप गाळत गेले. फीत गाळली तर हॉलमध्ये कुणी रागावत नाही, तीच पहिली जाते. प्रमुखांना चिठ्ठी पाठवली, “मावशींना आत्ता घ्या.” त्यांनी मान डोलवली आणि प्रमुख पाहुण्यांना माइक दिला. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. पाहुणे घड्याळ बघत होते आणि गाडी बाहेर उभी होती. पण मी कंटाळले होते. पाठ भरून आली होती, कानावर हेडफोनचा वळ उठला होता, आणि पाहुणे सुरुवातीलाच म्हणाले, “मी फार वेळ घेणार नाही.” तिथेच माझी आशा मावळली.

वेळ संपायला चार मिनिटं उरली. कॅमेरा दोनवर बिरवाडीच्या कारखान्यातला एक कामगार होता, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे शूटिंगला यायचा. त्याला म्हटलं, “दुसऱ्या रांगेच्या टोकाला मावशी. जवळून दाखव.”

“वहिनी, झोपल्यात त्या.”

खरंच झोपल्या होत्या. मान बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं, रुमाल मुठीत. पहाटेची एसटी आणि वर एवढ्या शाली. कुणाला तरी पाठवून उठवावं, तर माझ्याजवळ कुणीच नव्हतं, आणि टेबल सोडून मला हलता येत नव्हतं. मुलाची फीत लावावी का? ती त्याच्याकडे होतीच, आणि इथे ती बघणारी झोपली होती. फीत उद्याही लावता येते. थेट काय ते या चार मिनिटांत.

भाषणांच्या वेळी प्रोजेक्टरवर आम्ही झाकण घालायचो, बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून. म्हणजे मी काय दाखवते ते हॉलला दिसणार नव्हतं. मी बटण दाबून कॅमेरा दोनचं चित्र तिकडे सोडलं. तिकडे जाणारा पाहुण्यांचा आवाज बारीक केला. नवरा हेडफोनमध्ये ओरडला, “अगं, पाहुणे बोलतायत!”

“बोलू देत,” मी म्हटलं.

आणि आखातभर पसरलेल्या आमच्या सगळ्या पोरांना चार मिनिटं झोपलेल्या मावशी दिसल्या. एकदा त्यांनी झोपेतच नाकावरची माशी हाकलली. मी बटणावरचं बोट काढलं नाही. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. साडेबाराला मुंबईचा माणूस म्हणाला, “काढलं हं.” हॉलमध्ये पाहुणे अजून शिक्षणाचं महत्त्व सांगत होते.

राष्ट्रगीताला मावशी दचकून उठल्या. लोक एकदम बाहेर पडले, काही मशिदीकडे, बाकीचे जेवणाकडे. त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या.

“झाला? माझा नंबर नाय आला?”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, हेडफोन लावून दिले आणि लॅपटॉपवर मुलाचा निरोप लावला. त्यांनी तो हात जोडून ऐकला. मग म्हणाल्या, “आता मी बोलू?”

“मावशी, आता तिकडे दिसत नाही. वेळ संपली.” आणि मग सांगावंच लागलं. “पण त्याने तुम्हाला पाहिलं. तुम्ही झोपला होता तेव्हा.”

त्यांनी आधी पदराने तोंड पुसलं, जणू अजून उपयोग होता. “अशी कशी गो दावलीस मला? मी बरी बसलेय का, बघितलंस तरी?” त्या खूप रागावल्या. रागवायला हक्क होता. मी वायरी गुंडाळत उभी राहिले.

तेवढ्यात प्रमुख मोबाइल पुढे धरून आले. कुवेत. मावशींनी तो उलटा धरला, मी सुलटा केला. आवाज इतका मोठा होता की मला सगळं ऐकू येत होतं. दोन्हीकडून आधी नुसतंच “हॅलो, हॅलो.” मग तो म्हणाला, “आये, तू निजली होतीस.”

“मग हाक मारायची नाय?”

प्रमुख दुसरीकडे बघू लागले.

“मारली की गो,” तो म्हणाला.